एकशे चौतिसावी टीप

संगणकाच्या मते त्या लेखात एकही तळटीप नव्हती.

डीटीपीवाले काका खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "ताई, हे बघा. सगळ्या तळटिपा अंत्यटिपा करायचं बटण एकच असतं. दाबलं की झालं. पण हा म्हणतो, करायला तळटिपाच नाहीत."

ताई म्हणजे त्या संशोधन नियतकालिकाची मुद्रितशोधक. बावीस वर्षं तिथंच होती, त्यामुळे तिच्याहून मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची. ती वाकून पडद्याकडे बघू लागली. तळटिपा तर ढीगभर दिसत होत्या. शब्दांच्या डोक्यावर बारके आकडे होते आणि पानाच्या खाली रेघ मारून टिपा होत्या.

"हाताने टाइप केल्यात," ती म्हणाली.

"सगळ्या," काका म्हणाले. "टाइपरायटरवर करायचे तशा. एन्टर मारत मारत पानाच्या तळाशी जायचं आणि लिहायचं. आमच्या मशिनवर फाँट बदलला, चौसष्ट पानांची एकाहत्तर झाली, आणि आता तळटिपा पानाच्या मधोमध येऊन बसल्यात."

शिवाय प्रत्येक पानावर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत होते. लेखात एक नंबरची टीप चौसष्ट वेळा होती.

तो मंगळवार होता. गुरुवारी दुपारी बारा वाजता अंक छापखान्यात जायचा होता. नियतकालिकाची पानं दोन स्तंभांची, त्यामुळे टिपा लेखाच्या शेवटीच आणि एक ते शेवटपर्यंत सलग क्रमांकाने, असा संपादक सरांचा नियम होता. मागच्या अंकात एका लेखाच्या टिपा एका घराने सरकल्या होत्या. कुणाचं तरी विधान भलत्याच्याच नावावर गेलं, लेखकाने चार पानी पत्र पाठवलं आणि शुद्धिपत्र छापावं लागलं. सर तेव्हा ओरडले नव्हते. फक्त म्हणाले होते, "ताई, पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." ते त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं होतं की ताई तेव्हापासून प्रत्येक लेखाच्या टिपा दोनदा मोजायची.

लेख एका निवृत्त शिक्षिकेचा होता. कार्यालयात सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षं हा एकच लेख लिहिला. विषय होता एका धरणाचा दरवाजा. चाळीस वर्षांपूर्वी तो पुरात तुटला आणि खालच्या वस्तीतली एकोणतीस माणसं गेली. चौकशी झाली, ठपका आला तो शाखा अभियंत्यावर. दरवाजा कमकुवत झाल्याचं त्याने वरच्यांना कळवलंच नाही, असं अहवालात म्हटलं होतं. तो शाखा अभियंता बाईंचा नवरा. तो आता हयात नव्हता. लेखात बाईंनी कुठंही 'माझे पती' असं लिहिलं नव्हतं. सगळीकडे 'शाखा अभियंता' एवढंच.

काकांनी दुपारपर्यंत मार्ग काढला. सगळ्या टिपा उचलून लेखाच्या शेवटी एकाखाली एक लावल्या आणि त्यांना सलग क्रमांक दिले. मजकुरात डोक्यावर बसलेला प्रत्येक आकडा मशिनकडून शोधून घेतला आणि त्यालाही एकपासून सलग क्रमांक दिले. मग दोन्ही शेवट बघितले.

मजकुरातला शेवटचा आकडा होता दोनशे सव्वीस. टिपा होत्या दोनशे सतरा.

"नऊचा फरक?" ताई म्हणाली.

तिने लाल पेन्सिल घेतली आणि छापील प्रत पहिल्या पानापासून वाचायला बसली. अकराव्या पानावर एक वाक्य होतं, दर सेकंदाला नऊशे मीटर पाणी सुटले. मीटरच्या डोक्यावर एकेचाळीस. ती त्या वाक्याकडे बघत राहिली आणि मग तिला एकदम हसू आलं. अगदी रडवेलं हसू.

"काका, घनमीटर! मीटरवरचा तीन होता तो. तुमच्या मशिनने त्याला टीप समजून एकेचाळीस केलं."

असे आठ घनमीटर निघाले. काकांनी आठही जागी तीनचा आकडा परत बसवला, त्या जागा वगळून पुन्हा क्रमांक टाकले आणि तो मजकूर नियतकालिकाच्या दोन स्तंभांत ओतला. आता मजकुरात दोनशे अठरा आकडे होते. टिपा दोनशे सतरा.

एक टीप कमी होती. आणि ती नेमकी कुठं कमी आहे हे कळल्याशिवाय त्यापुढची एकही टीप खात्रीची नव्हती.

ताईने मध्यावर घाव घालायचं ठरवलं. शंभरावा आकडा बघितला. वाक्य पावसाच्या नोंदींचं, टीपही पावसाच्या नोंदवहीची. जुळलं. दीडशेवा बघितला. वाक्य साक्षीदाराबद्दल, टीप लोखंडाच्या तपासणीची. नाही जुळलं. म्हणजे घोळ मधे कुठंतरी होता. एकशे पंचवीस जुळला, एकशे चाळीस नाही. पंधरा टिपांत आता चोर लपला होता. पण त्या पंधरांतल्या बऱ्याचशा टिपा अशा होत्या: तत्रैव, पृ. ९. तत्रैव, पृ. ११. तत्रैव, पृ. १२. म्हणजे 'वरच्या टिपेतलंच पुस्तक, फक्त पान वेगळं'. असली टीप कुठल्याही वाक्याखाली ठेवली तरी शहाण्यासारखी बसते. तिने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं नाचायला लागली. कार्यालय सहाला बंद होतं. रखवालदार किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला.

बुधवारी सकाळी तिने बाईंना फोन केला.

"तुमच्याकडे मूळ छापील प्रत आहे का? तुमच्या पानांवरची?"

"आहे की. या ना," बाई म्हणाल्या. "मला वाचता येत नाही आता, पण कुठं काय आहे ते ठाऊक आहे."

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातला दिवा दिवसाही लावलेला होता. दार बाईंनीच उघडलं आणि पाहुणीच्या चेहऱ्याच्या किंचित बाजूला बघत त्या हसल्या. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, कडेचंच दिसतं, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. मुलगी कामावर गेली होती. टेबलावर बुटांची खोकी रांगेत मांडलेली होती आणि त्यांत टाचणांचे कागद उभे खोचलेले होते.

"कुठलं पान हवंय?"

"पान मला माहीत नाही, बाई. आमचे क्रमांक वेगळे झालेत. एकशे पंचवीसपासून एकशे चाळीसपर्यंत अडकलंय."

बाईंचा चेहरा गोंधळला. "मला ते आकडे नाही समजणार हो. मी पानावर चालते. वाक्य सांगा."

ताईने एकशे एकतिसावं वाक्य वाचलं. बाई लगेच म्हणाल्या, "पान सदतीस, चौथी टीप. दुरुस्तीची नोंदवही." ताईने यादीत बघितलं. बरोबर. पुढचं वाचलं. "पान अडतीस, पहिली टीप. चौकशी अहवाल, पृष्ठ सात." बरोबर. त्यापुढचं. "दुसरी. तत्रैव, पृष्ठ नऊ." बरोबर.

मग ताईने एकशे चौतिसावा आकडा असलेलं वाक्य वाचलं: "दुर्घटनेच्या आदल्या दिवशी सकाळी शाखा अभियंत्याने विभागीय कार्यालयास दरवाजाच्या धोक्याबद्दल लेखी इशारा दिला होता."

बाई टेबलावरची खोकी सरळ करू लागल्या.

"बाई? अडतिसाव्या पानावरची तिसरी टीप?"

बाई उठल्या, चाचपत कपाटाशी गेल्या आणि मूळ प्रतीचा गठ्ठा आणून त्यांनी ताईसमोर ठेवला. ताईने अडतिसावं पान काढलं. मजकुरात तीन आकडे होते. तळाशी रेघ, रेघेखाली एक नंबर, दोन नंबर, आणि त्याखाली एका टिपेपुरती कोरी जागा. पुढचं पान पुन्हा एकपासून सुरू होत होतं. त्यामुळे अकरा वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दोन तज्ज्ञांनी लेख तपासून दिला होता, त्यांच्याही नाही.

"ते पत्र मिळालं नाही मला," बाई म्हणाल्या. "तीन कार्यालयं पालथी घातली. आवक नोंदवहीचं तेवढंच पान नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला मिळेल, तेव्हा भरू. जागा ठेवली."

"पण पत्र होतं?"

"माझ्यासमोर लिहिलं त्यांनी. या इथं नाही, तिकडच्या घरी. स्वयंपाकघरात बसून. शाई संपली म्हणून मुलीचं पेन घेतलं. मी म्हटलं, अहो, आधी दोन घास खाऊन घ्या, तर नाही, म्हणाले, आधी हे पोचवतो." बाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "ताई, तुम्ही एक करा. मागच्याच टिपेचा आकडा त्यावर द्या. एकच टीप दोन ठिकाणी चालते ना?"

चालते. ताईला ते पक्कं ठाऊक होतं. एकाच टिपेकडे दोन वाक्यांवरून बोट दाखवता येतं. एकशे चौतीसच्या जागी पुन्हा एकशे तेहतीस लिहायचं, पुढचे सगळे एकाने खाली आणायचे, की दोनशे सतरा आकडे आणि दोनशे सतरा टिपा. सगळं जुळतं. उद्या बारा वाजता अंक जातो. सर खूश. शुद्धिपत्र नाही.

"बरं," ती म्हणाली. बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. निघताना अहवालाच्या छायाप्रतींची फाइलही दिली, कुठं अडलंच तर असू द्या म्हणून.

कार्यालयात येऊन तिने काकांना सांगितलं. ओतलेल्या पानांत आता मशिन चालवण्यासारखं नव्हतं, आधीच्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या असत्या. काकांनी एकशे चौतीसचा तेहतीस केला, मग पस्तीसचा चौतीस, छत्तीसचा पस्तीस, असं एकेक करत शेवटापर्यंत गेले. दुपारी साडेचारला ते म्हणाले, "दोनशे सतराला दोनशे सतरा. सुटलात, ताई."

आता फक्त लेखातल्या उलटसुलट उल्लेखांची तपासणी राहिली होती. बाईंनी ठिकठिकाणी 'पान १२, टीप २ पाहा' असं लिहिलं होतं. त्या पानांना आता काही अर्थ नव्हता, त्या जागी नवे क्रमांक हवे होते. असे अकरा उल्लेख होते. त्यांपैकी एक एकशे तेहतिसाव्या टिपेकडे जात होता. खात्री करावी म्हणून ताईने फाइल उघडली आणि चौकशी अहवालाचं पान नऊ काढलं.

पानाच्या मधोमध लिहिलं होतं: 'शाखा अभियंत्याकडून कोणताही लेखी इशारा या कार्यालयास प्राप्त झाल्याचे आढळून येत नाही.'

 त्याच पानाकडे बोट दाखवून लेख आता म्हणत होता की लेखी इशारा दिला होता. पहिल्या आकड्यापाशी ते बरोबर होतं, कारण तिथं बाई अहवालाचं म्हणणंच सांगत होत्या. पुढच्याच वाक्यावर तोच आकडा म्हणजे शुद्ध खोटं. आणि जो कुणी हे पान उघडेल तो अकरा वर्षांचं सगळं काम एका क्षणात कचऱ्यात टाकेल. उरलेल्या दोनशे सोळा खऱ्या टिपांसकट.

तिने फोन लावला. "बाई, पान नऊवर काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

"पाठ आहे मला ते पान," बाई म्हणाल्या.

"मग मला असं कसं करायला सांगितलंत?"

 बाई म्हणाल्या, "वाक्य काढून टाका असं नका सांगू. तेवढंच एक वाक्य लिहिण्यासाठी बाकीचं सगळं लिहिलंय मी."

ताईचा संताप कुठल्या कुठं गेला. तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण आज सकाळपासून तिने त्या वाक्याकडे एक चुकलेला आकडा म्हणूनच बघितलं होतं.

"काढत नाही," ती म्हणाली. "पण टीप खरी लिहू. तुम्ही पाहिलंत, तेवढंच लिहू. सांगा, मी उतरवून घेते."

बाईंना ते जमेना. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा 'शाखा अभियंता' म्हणून थांबल्या. तिसऱ्यांदा ताई म्हणाली, "तुम्ही कोण ते सांगितल्याशिवाय ही टीप उभी राहणार नाही, बाई."

मग बाईंनी सांगितलं. ताईने एकही शब्द न बदलता लिहून घेतलं.

आत आपल्या खोलीत सरांनी टीप दोनदा वाचली. "स्वतःची आठवण? हा काय पुरावा झाला? वाक्य काढा, ताई. टीपही नको आणि कटकटही नको."

"टिपेत पुरावा आहे असं म्हटलंच नाहीये, सर. पत्र मिळालं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. वाचणारा काय ते ठरवेल."

"म्हणजे लेखिका अभियंत्याची बायको आहे हे सगळ्या जगाला सांगायचं? मग बाकीचा लेख तरी कोण मानेल?"

 ताईने टिपेचा कागद पुन्हा सरांपुढे सरकवला. ती म्हणाली, "आज सकाळी हे लपवायला मी तयार झाले होते, सर. तुम्ही दुसरं माणूस बघा हवं तर. पण हा अंक मला असा जाऊ द्या."

सरांनी कागद तिला परत दिला. "उद्या बारा," ते म्हणाले. "एक मिनिट उशीर झाला तर लेखच काढतो."

आता जे खाली आणलं होतं ते सगळं परत वर न्यायचं होतं. गुरुवारी सकाळी सातला रखवालदाराला विनवून तिने दार उघडून घेतलं. काकाही आले, बसले आणि एकशे चौतिसाव्या टिपेकडे वळले.

"पुढून नको," ताई म्हणाली. "शेवटाकडून. एकशे चौतीसचा पस्तीस केला की दोन पस्तीस होतील, मग कुठला नवा नि कुठला जुना ते समजणार नाही. आधी दोनशे सतराचा अठरा करा. मग सोळाचा सतरा."

"काल घाईत पुढून केलं तेव्हा बरं बोलला नाहीत," काका म्हणाले.

"काल एकेक खाली येत होता, तेव्हा पुढूनच बरोबर होतं. आज वर जातोय."

चौऱ्याऐंशी आकडे मजकुरात आणि चौऱ्याऐंशी टिपा यादीत. ताई मोठ्याने वाचत होती, काका बदलत होते, आणि प्रत्येक आकड्यापाशी ती वाक्य बघून टीप बघत होती. दहा वाजता तिचा घसा बसला. साडेदहाला वीज गेली आणि वीस मिनिटं दोघं काळ्या पडद्यासमोर नुसते बसून राहिले. परत आली तेव्हा शेवटचे नऊ बदल जतन झाले नव्हते. काकांनी डोक्याला हात लावला. ताईने पुन्हा वाचायला सुरुवात केली.

अकराच्या सुमारास एकशे चौतिसाची जागा मोकळी झाली आणि बाईंची टीप तिथं बसली. ताई सुस्कारा सोडणार तेवढ्यात तिची नजर खालच्या ओळीवर गेली. एकशे पस्तीस: तत्रैव, पृ. ११.

"थांबा! आता हा 'तत्रैव' बाईंच्या आठवणीकडे जातोय. आठवणीला कुठलं आलंय पान अकरा?"

तिथं पूर्ण लिहिलं: चौकशी अहवाल, पृ. ११. मग अकरा उल्लेखांपैकी पाच पुढच्या भागातले होते, त्यांचे क्रमांक एकेकाने वाढवले. बाराला सात मिनिटं असताना काकांनी फाइल पाठवली. ताईने टेबलावर डोकं ठेवलं. तिला आनंद झाला नव्हता. 

अंक आला. सरांनी दुसरं माणूस बघितलं नाही, तो विषयही काढला नाही. महिन्याभराने एका वृत्तपत्रात लेखाबद्दल अर्धा स्तंभ आला. त्यात लोखंडाच्या तपासणीचं कौतुक होतं आणि शेवटी एक ओळ होती: 'मुख्य दाव्याला पुरावा नसल्याचे लेखिकेने स्वतःच एकशे चौतिसाव्या टिपेत मान्य केले आहे.' ताईने ते कात्रण बाईंना वाचून दाखवलं नाही. कुणीतरी दाखवलंच असणार.

त्यानंतर बाईंची मुलगी कार्यालयात आली. पन्नाशीला टेकलेली, हातात कामावरची पिशवी. लेखकाच्या प्रती न्यायला आले, म्हणाली. ताईने पाच प्रती बांधून ठेवल्या होत्या. मुलीने त्या घेतल्या नाहीत. वरची एक सोडवून तिने शेवटची पानं उघडली.

"एकशे चौतीस कुठंय?"

ताईने बोट ठेवलं. मुलगी उभ्या उभ्याच वाचत होती.

'हे पत्र मला सापडलेले नाही. शाखा अभियंता माझे पती होते. त्यांनी ते घरी, माझ्यासमोर लिहिले आणि ते पोचवायला स्वतः गेले. त्याची प्रत ठेवली नाही. लिहिताना मी व माझी मुलगी तिथे होतो.'

"आई मला आजवर सांगत होती की पत्र सरकारी दप्तरात आहे," ती म्हणाली. "मी पाहिलंय, म्हणायची. शाळेत पोरं बोलायची तेव्हा मी तेच सांगायचे. पत्र आहे, आईने पाहिलंय."

ताईने खुर्ची पुढे केली. मुलगी बसली.

"आणि इथं लिहिलंय मी तिथं होते."

"तुमचं पेन घेतलं होतं त्यांनी, असं बाई म्हणाल्या. शाई संपली म्हणून."

मुलीने अंक मांडीवर उलटा ठेवला. तिने डोळे मिटले. कपाळावर आठ्या पडल्या.  शेजारी काकांचे हातही कळफलकावर थांबले होते.

"मी नऊ वर्षांची होते," ती डोळे न उघडता म्हणाली. "म्हणजे आठवायला हवं ना? नऊ वर्षांच्या पोरीला आठवतं की नाही?"

"कुणाला आठवतं, कुणाला नाही," ताई म्हणाली.

"पेन निळं होतं. ते आठवतंय. पण ते रोजच निळं होतं."

 ताईने पाण्याचा पेला मुलीपुढे सरकवला. मुलीने तो उचलला नाही आणि डोळेही उघडले नाहीत.